कॅम्पसच्या आधी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा की घरीच तयारी करावी?

"ईएनटीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. वाचलेलं इंग्रजी कळतं, पण बोलायची वेळ आली की अडकतो. ऑगस्टपासून कॉलेजात कंपन्या येतील. इथला क्लास तीन महिन्यांचे नऊ हजार मागतोय. लावू, की घरीच करू?"

नऊ हजार आत्ता देऊ नका. घरी करा, आणि त्यातले थोडे पैसे जुलैमध्ये दोन-तीन मॉक इंटरव्ह्यूंसाठी राखून ठेवा. मी पुण्याजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे आणि कॅम्पसच्या दिवसांत पॅनेलवर बसते. माझी शाळाही सातारा जिल्ह्यातली, मराठीच. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

आधी क्लासचा हिशेब करू. डेमो लेक्चरला जाऊन बसा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. समजा, तासाभराची बॅच आहे, मुलं पंचवीस. सर पस्तीस मिनिटं काळ आणि प्रीपोझिशन शिकवतात, उरलेली पंचवीस मिनिटं मुलांची. म्हणजे तुमच्या वाट्याला रोज एक मिनिट, आणि तीन महिन्यांनी फार तर सव्वा तास तोंड उघडलेलं असेल. काळ तर तुम्हाला शाळेपासून येतात, पेपरात मार्कही मिळालेत. अडतंय ते बोलण्यात, आणि नेमका त्याच गोष्टीला तिथे वेळ कमी. घरी रोज वीस मिनिटं बोललात तर क्लासचे तीन महिने चार दिवसांत भरून निघतात.

दुसरं म्हणजे, मुलाखतीत लागणारं इंग्रजी फार थोडं असतं. आमच्याकडे टेक्निकल राउंडचा निम्मा वेळ ओळख आणि प्रोजेक्ट यांतच जातो. उरलेल्यात विषयाचे प्रश्न, आणि त्यांची उत्तरं छोटी. एचआरचे प्रश्नही दरवर्षीचे ठरलेले. म्हणजे स्वतःबद्दल आणि स्वतःच्या कामाबद्दल अर्धा तास नीट बोलता आलं की झालं. एवढं घरी बसून होतं. राजकारण, सिनेमा, प्रवास यांवर सफाईने बोलायला वर्षं लागतील, ती नोकरी लागल्यावर बघा.

आता करायचं काय? माझ्या मावसभावाचं सांगते. निफाडकडचा आहे, तुमच्यासारखाच ईएनटीसीचा. मिनी प्रोजेक्ट कांद्याच्या चाळीवर: आत सेन्सर, हवेतली आर्द्रता वाढली की पंखा सुरू, शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज. त्याला म्हटलं, तयारी न करता प्रोजेक्टवर दोन मिनिटं बोल आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. मग ते रेकॉर्डिंग थांबवत-थांबवत जसंच्या तसं कागदावर उतरवून काढ, 'अं' आणि 'ॲक्च्युअली'सुद्धा सोडायचं नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात उपयोगी हेच. कागदावर असं आलं: "इन धिस प्रोजेक्ट, ॲक्च्युअली, वी आर हॅविंग वन सेन्सर, सो सेन्सर इज, अं, ह्युमिडिटी इज देअर इन द स्टोरेज, सो दॅट विल बी, अं, अकॉर्डिंग टू दॅट फॅन विल बी गेटिंग ऑन."

यात तो अडकलाय कुठे, ते बघा. दोन्ही वेळा क्रियापदापाशी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण वाक्य सुरू करून टाकतो आणि काय घडलं ते शेवटी ठरवतो. इंग्रजीत कर्ता म्हटला की लगेच क्रियापद लागतं, आणि ते तयार नसलं की तोंडून 'इज' किंवा 'विल बी' निघतं आणि पुढचं वाक्य गाळात रुततं. लोकांना वाटतं शब्द कमी पडतात. शब्द त्याच्याकडे सगळे होते.

म्हणून त्याने शब्दसंग्रहाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि प्रोजेक्टमधली क्रियापदं काढली. मोजलं, नोंदवलं, जोडलं, कोड लिहिला, तपासलं, बदललं, बिघडलं, दुरुस्त केलं. पंधरा-वीसच्या वर जात नाहीत. प्रत्येकाचं एक छोटं वाक्य भूतकाळात, कर्ता आणि लगेच क्रियापद: "आय रोट द कोड." "वी मेजर्ड ह्युमिडिटी एव्हरी टेन मिनिट्स." "द फर्स्ट सेन्सर फेल्ड." मग वरचा परिच्छेद असा झाला: "ऑनियन्स रॉट व्हेन द एअर इन द स्टोअर इज टू ह्युमिड. वी पुट अ सेन्सर इनसाइड. व्हेन ह्युमिडिटी क्रॉसेस सेव्हन्टी पर्सेंट, द फॅन स्टार्ट्स अँड द फार्मर गेट्स अ मेसेज." चौथीतल्या मुलाला कळतील अशी वाक्यं, आणि पॅनेलला हीच हवी असतात. लगेच पुढचा प्रश्न सुचतो: सत्तरच का? त्याला उत्तर माहीत होतं, कारण साठवणुकीत आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते हे त्याने वाचलं होतं. गाडी इंग्रजीवरून प्रोजेक्टवर आली, आणि तिथे तो पक्का होता.

भूतकाळाचा उच्चारही याच वाक्यांत सुधारतो. आपली मुलं 'वर्केड', 'चेकेड' म्हणतात. शेवटचा 'एड' फक्त ट किंवा ड नंतर ऐकू येतो, जसं टेस्टेड, ॲडेड. बाकी ठिकाणी वर्क्ट, चेक्ट, मेजर्ड. एवढा एक नियम पाळला तरी कानाला बराच फरक जाणवतो. झिरो की ज़ीरो, व्ही की डब्ल्यू, यात आता पडू नका. त्यावरून आम्ही तरी कुणाला नापास केलेलं नाही.

वाक्यं तयार झाली की वेग. यासाठी भाषा शिकवणाऱ्यांमध्ये एक जुनी पद्धत आहे, चार-तीन-दोन. एकच गोष्ट एका माणसाला चार मिनिटांत सांगायची, मग दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन. मजकूर तोच असल्याने काय बोलायचं याची चिंता राहत नाही, आणि सगळं लक्ष बोलण्यावर जातं. माणसं बदलायची, कारण त्याच माणसाला तेच सांगताना आपण अर्धवट सोडतो. घरी तीन माणसं मिळाली नाहीत तर हॉस्टेलच्या मित्राला फोन करा, एक फेरी मोबाइलच्या रेकॉर्डरसमोर करा. याचा एक तोटाही आहे: चूकसुद्धा तेवढीच पक्की होते. म्हणून पहिल्या फेरीचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवून दुरुस्त केल्याशिवाय दुसरी करायची नाही. मावसभाऊ दुरुस्तीसाठी तो कागद मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. तुमच्या ओळखीत असं कुणी तरी असेलच, कॉलेजातले एखादे सर, नोकरीला लागलेला सीनियर. आठवड्याला एक पान तपासायला कुणी नाही म्हणत नाही.

ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' फुकट आहे आणि सोबत लिहिलेला मजकूरही मिळतो. एक वाक्य ऐका, थांबवा, मजकूर न बघता तसंच म्हणा, मग मजकुराशी ताडून बघा. काही कंपन्या पहिल्याच फेरीत हेडफोन लावून कॉम्प्युटरवर बोलण्याची चाचणी घेतात. तिच्यात ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं आणि छोटी गोष्ट ऐकून सांगणं असतं, त्याची तयारी यातच होऊन जाते. विषयातले शब्द वाक्यात कसे येतात हे ऐकायला एनपीटीईएलची लेक्चरं. वेग जास्त वाटला तर 0.75 वर ठेवा.

एका जागी मात्र घरचा अभ्यास तोकडा पडतो. अनोळखी माणूस, समोर बसलेला, तुमचं वाक्य मध्येच तोडून विचारतो, "व्हॉट वॉज युअर रोल इन धिस?" मुलं इथे हमखास घसरतात, कारण सगळी तयारी 'वी'ने केलेली असते. मी हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला विचारते. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये नुसतं 'वी' ऐकलं की शंका येतेच. म्हणून 'आय'ची चार वाक्यं वेगळी तयार ठेवा, आणि मॉक इंटरव्ह्यू अशा माणसाकडे द्या जो तुम्हाला ओळखत नाही आणि मध्ये तोडतो. तुमच्या टीपीओंना विचारा, अनेक कॉलेजं माजी विद्यार्थ्यांकडून असे मॉक फुकट घेतात. नाही जमलं तर पैसे देऊन एखाद्या शिक्षकाचे सुटे तास घ्या. राखून ठेवलेले पैसे इथे खर्च करा. ग्रुप डिस्कशनसाठीही माणसंच लागतात. सहा मित्र जमवून आठवड्यातून एकदा केलंत तरी पुरे.

मग क्लास कुणी लावावा? पहिलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून बघा. त्यात एकही वाक्य पुरं होत नसेल, 'ही गो' की 'ही वेंट' हे कागदावर सावकाश बघूनही कळत नसेल, तर पाया शिकवणारा माणूस हवा, एकट्याने तीन महिन्यांत जड जाईल. किंवा तुमचा स्वभाव असा असेल की कुणी विचारणारं नसलं की चौथ्या दिवशी बंद. हे तुमचं तुम्हालाच माहीत. अशा वेळी आठ-दहा मुलांपेक्षा मोठी बॅच घेऊ नका, आणि पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: रोज प्रत्येक जण किती मिनिटं बोलतो, आणि त्याची चूक कोण, कधी दाखवतं. 'वातावरण मिळतं', 'कॉन्फिडन्स येतो' असलं उत्तर आलं तर उठून या. नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजीची पाटी असेल तर विचारायचीही गरज नाही.

एक राहिलं. ओळखीची सुरुवात 'मायसेल्फ अमुक-अमुक' अशी करू नका, 'आय ॲम' म्हणा. आणि ओळख पाठ करून घडाघडा म्हणू नका. पाठ केलेलं असेल तर आम्ही तिसऱ्या वाक्याला मध्येच थांबवतो, आणि मग मुलगा पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो. मुद्दे पाठ ठेवा, वाक्यं दर वेळी नवी होऊ द्या. प्रोजेक्ट कोणता आहे ते कमेंटमध्ये लिहा, क्रियापदांची यादी करायला मदत करते.