कोरियातली पाच मतं

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं तिसरं प्रकरण दोनदा वाचलं. भाषा स्वच्छ आहे, वाचनही भरपूर झालंय. पण पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस की ‘अलिप्तता म्हणजे तटस्थतेचंच आशियाई रूप’, आणि पुढची चाळीस पानं त्या एका वाक्यावर उभी आहेत. ते वाक्य काढावं लागेल. का, ते कोरियाच्या उदाहरणानं सांगतो, कारण अलिप्तता म्हणजे काय हे मला स्वतःला तिथंच कळलं. अलिप्त देशांची पहिली परिषद बेलग्रेडला भरली ती १९६१ साली. त्याच्या आधी जवळजवळ अकरा वर्षं, चळवळ नव्हती, जाहीरनामा नव्हता, तेव्हा हे धोरण कामाला जुंपलं गेलं होतं.

तटस्थता ही युद्धाच्या कायद्यातली स्थिती आहे. स्वित्झर्लंड युद्धात उतरत नाही, हे आधीपासून सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यावरच त्याचं स्थान टिकतं. अलिप्ततेत असं आधीचं वचन नाही. प्रश्न समोर आला की त्याच्या गुणदोषांवर ठरवायचं, आणि तो अधिकार कोणत्याही गटाकडे गहाण ठेवायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं. म्हणून अलिप्त देशाचं धोरण त्याच्या भाषणांत सापडत नाही. ते मतदानात, तारखेनुसार शोधावं लागतं.

आता तारखा बघ. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं. भारत तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा सदस्य होता आणि आपले प्रतिनिधी होते बेनेगल नरसिंग राव. त्याच दिवशी उत्तरेनं शांतताभंग केला असं म्हणणारा ठराव आला, त्याला भारतानं पाठिंबा दिला. दोन दिवसांनी दक्षिणेला मदत करण्याचा ठराव आला, तेव्हा दिल्लीहून सूचना पोचल्या नव्हत्या म्हणून राव यांनी मत दिलं नाही. मग सरकारनं तोही मान्य केला. ७ जुलैला अमेरिकेच्या हाताखाली संयुक्त लष्करी नेतृत्व उभारायचा ठराव आला, तेव्हा मात्र भारतानं मत दिलं नाही. लढायला सैन्य पाठवलं नाही, पाठवलं ते ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक. आक्रमणाला आक्रमण म्हटलं, पण एका गटाच्या सेनापतीखाली उभं राहायला नकार दिला. यात तटस्थता कुठं दिसते का तुला?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी मध्यरात्री तिथले आपले राजदूत पणिक्कर यांना बोलावून सांगितलं की अमेरिकी फौजा दोन्ही कोरियांना विभागणारं ३८ वं अक्षवृत्त ओलांडून आल्या तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी निरोप कळवला, दिल्लीनं तो लंडन-वॉशिंग्टनला पोचवला. तिथं पणिक्कर चीनकडे झुकलेले मानले जात, त्यामुळे निरोपावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. त्याच महिन्यात चिनी फौजा कोरियात उतरल्या. दोन्हीकडे बोलता येणं ही अलिप्त देशाची मोठी ताकद. पण निरोप्याबद्दल संशय असला की निरोपही संशयास्पद ठरतो, हे या प्रसंगातून लिहून ठेव. तुझ्या प्रकरणात ही मर्यादा कुठंच आलेली नाही.

मग १ फेब्रुवारी १९५१. चीनला आक्रमक ठरवणारा ठराव आमसभेत मंजूर झाला. विरोधात फक्त सात मतं: सोव्हिएत गटाची पाच, ब्रह्मदेशाचं एक आणि आपलं एक. चीनला आरोपी ठरवलं की वाटाघाटीचं दार बंद होईल, हा भारताचा युक्तिवाद होता. आता या मताची किंमत बघ. त्या वेळी देशात धान्याची भीषण टंचाई होती आणि आपण अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितलं होतं. कोरियाबद्दलच्या आपल्या भूमिकेवरून अमेरिकी काँग्रेसमध्ये ते विधेयक महिनोन्‌महिने रेंगाळलं. जूनमध्ये मिळालं, तेही कर्ज म्हणून. अलिप्ततेला ‘फुकटची नैतिकता’ म्हणणाऱ्यांना हे वर्ष दाखव.

१९५२ मध्ये युद्धविरामाची बोलणी एकाच प्रश्नावर अडून बसली: ज्या युद्धकैद्यांना मायदेशी परतायचं नाही, त्यांचं काय? कृष्ण मेनन यांनी मांडलेला तोडगा असा, की कैद्यांवर बळजबरी करायची नाही, त्यांना एका तटस्थ आयोगाच्या हवाली करायचं. डिसेंबरमध्ये आमसभेनं तो प्रचंड बहुमतानं स्वीकारला. विरोधात पडली ती सोव्हिएत गटाची पाचच मतं, आणि चीननंही तो झिडकारला. पावणेदोन वर्षांपूर्वी ज्यांच्या बाजूनं मत पडलं होतं, तेच आता भारतावर तुटून पडले. मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेल्यावर हवा बदलली आणि जूनमध्ये जवळपास याच धर्तीवर समझोता झाला.

आयोगात भारत धरून पाच देश होते. स्वीडन आणि स्वित्झर्लंड एका बाजूनं सुचवलेले, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या बाजूनं. बहुतेक वादाच्या प्रश्नावर मतं दोन विरुद्ध दोन पडायची आणि निर्णय अध्यक्षांवर, म्हणजे भारताच्या जनरल थिमय्यांवर यायचा. कैद्यांची राखण करायला सैन्यही एकट्या भारताचंच होतं. त्याचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय जवानांना त्यांच्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरनं निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. छावणीचं नाव ठेवलं हिंद नगर.

दक्षिणेकडून ताब्यात आलेले कैदी साडेबावीस हजारांवर होते, उत्तरेकडून ३५९. कैद्यांच्या आतल्या कडव्या टोळ्या कुणाला परत जाऊ द्यायला तयार नव्हत्या. एका भारतीय मेजरला त्यांनी कुंपणाच्या आत ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. पुढं गोळीबारही करावा लागला आणि कैदी मारले गेले. मायदेशी परत या, असं कैद्यांना त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी समजावायचं होतं. ही समजावणी नव्वद दिवस चालायची होती, ती जेमतेम दहा दिवस झाली. बळ वापरून कैद्यांना समजावणीच्या तंबूत आणावं, असं साम्यवादी बाजू म्हणत होती. थिमय्यांनी नाही म्हटलं. कैद्यांचं भवितव्य ठरवणारी राजकीय परिषद भरलीच नाही. त्याआधी ऑगस्टमध्येच आमसभेत अमेरिकेनं त्या परिषदेतल्या भारताच्या सहभागाला विरोध केला होता आणि भारतानं नाव मागं घेतलं होतं.

जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी उरलेले कैदी ज्याचे त्याला परत केले, पण त्यांना ‘मुक्त नागरिक’ ठरवायचं नाकारलं. दोन्ही बाजू चिडल्या. मात्र ‘दोघंही रागावले म्हणजे आपण बरोबर’ असा निष्कर्ष तू काढला आहेस, तो खोड. दोघंही रागावतात असं चुकीच्या निर्णयानंही घडतं. कसोटी वेगळी आहे: आपण नसतो तर ते काम कुणी केलं असतं का, आणि एकाच मोजपट्टीनं दोघांना मोजलं का? कोरियात दोन्हींना बऱ्यापैकी हो म्हणता येतं. १९५६ साली सोव्हिएत फौजांनी हंगेरीतला उठाव चिरडला, तेव्हा दुसऱ्या प्रश्नावर आपण कमी पडलो. इजिप्तवरच्या हल्ल्याबद्दल लगेच बोललेला देश बुडापेस्टबद्दल अडखळला. ते प्रकरणातून गाळू नकोस.

आता प्रकरण नव्यानं लिहिताना ही पाच मतं, म्हणजे जून-जुलै १९५० मधली तीन, फेब्रुवारी १९५१ चं आणि डिसेंबर १९५२ चं, तारखेनुसार मांड, प्रत्येकासमोर आदल्या महिन्यातली धान्याची, सैन्याची आणि पत्रव्यवहाराची स्थिती लिही. आणि शेवटी त्या ऐंशीहून अधिक कैद्यांना जागा दे, जे ना उत्तरेला गेले ना दक्षिणेला, आणि आपल्या जवानांबरोबर जहाजानं भारतात आले. त्यांतले काही पुढं ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, काही इथंच राहिले.

मसुदा तयार झाला की पाठव.

तुझा,
सर