भाऊंच्या वहीतला आकडा

"मॅडम, मी केळीवर पीएचडी करते. आमच्या प्रयोगशाळेतल्या सीनियर भाऊंनी त्यांच्या वहीतला एक निकाल मला दाखवला, तो अजून छापलेला नाही. पेपरात त्यांचं नाव घालून 'वैयक्तिक संपर्क' असं लिहिलं तर पुरे ना?"

नाही, पुरे नाही. आधी त्यांना विचारायचं, आणि तेही लेखी.

रावेरकडची ही मुलगी पेपरचा मसुदा घेऊनच माझ्याकडे आली होती. चर्चेच्या भागात एक वाक्य होतं: मृगबागेतल्या, लक्षणं न दिसणाऱ्या १२ रोपांपैकी ९ रोपं एलायझा चाचणीत सीएमव्ही विषाणूसाठी पॉझिटिव्ह आली. पुढे कंसात भाऊंचं नाव. तारीख नव्हती.

"भाऊंनी स्वतःच तर दाखवलं," ती म्हणाली. खरंय, पण चहा पिताना वही दाखवणं म्हणजे तुझ्या पेपरात आकडा छापायला हो म्हणणं नव्हे. त्यांचं नाव छापलं की त्या आकड्याची जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि तो कुठे पडताळायचा म्हटलं तर वाचकापुढे काहीच नसतं. म्हणूनच वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची सूचना आहे की अशा माहितीसाठी लेखी परवानगीही घ्यावी आणि ती बरोबर असल्याची खात्रीही त्या माणसाकडून करून घ्यावी. मला यातली दुसरी अट जास्त मोलाची वाटते. का, ते लगेच कळलं.

मी तिला मेल लिहायला लावली. 'तुमचा डेटा वापरू का?' असं मोघम विचारायचं नाही. छापायचं ते वाक्य जसंच्या तसं, आपल्या पेपरचं शीर्षक आणि जर्नलचं नाव, एवढं मेलमध्ये हवं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तीन नमुने भाऊंनी पुन्हा तपासले होते. त्यांतले दोन निगेटिव्ह निघाले. म्हणजे ९ नव्हे, ७. शिवाय या कामावर त्यांचा स्वतःचा पेपर तयार होत होता, त्यामुळे गाइडशी बोलून त्यांनी एवढंच कळवलं: आकडा देऊ नकोस, 'लक्षणं नसलेल्या काही रोपांतही विषाणू आढळला' एवढं लिही.

तिचा चेहरा उतरला. मी विचारलं, हा आकडा काढला तर तुझा निष्कर्ष पडतो का? पडत नव्हता, तिच्या स्वतःच्या शेतांवरच्या नोंदी पुरेशा होत्या. पडत असता, तर वैयक्तिक संपर्काच्या एका कंसावर तो तोललाच नसता. मग भाऊंचा पेपर येईपर्यंत थांबणं, किंवा त्यांना सहलेखक म्हणून सोबत घेणं, हेच मार्ग उरले असते.

वाक्य भाऊंच्या शब्दांत बदललं. कंसात त्यांचं नाव, 'वैयक्तिक संपर्क' आणि मेलची तारीख आली. संदर्भसूचीतून मात्र ती नोंद काढली, कारण वाचकाला शोधून वाचता येईल असं तिथे काही नसतं. ती मेल तिने पीडीएफ करून मसुद्याच्याच फोल्डरात ठेवली. जर्नल मागू शकतं.

निघताना तिने विचारलं, भाऊंच्या एलायझा प्लेटचा फोटो टाकू का? परवानगी त्या एका वाक्यापुरती होती. फोटोसाठी नवी मेल.