आठवड्याचा बेत तपासताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही घरात पाच माणसे, मी, यजमान, सासूबाई आणि नऊ व तेरा वर्षांची दोन मुले. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे शाकाहार, बाकी दिवस मासे किंवा अंडी. सोमवारी तूरडाळीची आमटी आणि बटाट्याची भाजी, गुरुवारी कुळथाची पिठी आणि दुधी, शनिवारी मुगाचे वरण आणि भेंडी, शिवाय भात रोजचाच. पाऊण वाटी डाळ शिजवली की दोन्ही वेळा पुरते. बेत समतोल आहे का? (देवगड)

मासळीच्या दिवशी तुमच्या ताटात कमतरता नाही. ती आहे या तीन शाकाहारी दिवसांत, आणि पदार्थांची नावे वाचून ती दिसत नाही. ती पाहायची तर डाळ डब्यातून काढताना कोरडीच मोजावी लागते.

तुमची पाऊण वाटी साधारण १२० ग्रॅम भरेल असे धरू. पाच जणांत वाटली की दिवसभरात माणशी २४ ग्रॅम डाळ होते आणि त्यातून जेमतेम ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. दिवसभरातल्या माणशी २५० ग्रॅम तांदळातून आणखी सुमारे २० ग्रॅम येतील. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे चहातले दूध आणि भाज्या धरूनही बरीच तूट राहते. तेरा वर्षांच्या मुलाची गरज जवळजवळ मोठ्या माणसाइतकीच असते, त्यामुळे हा फरक त्याच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो नमुना आहार सुचवला, त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम धरली आहेत, हे ताडून पाहण्यासारखे आहे.

गुरुवारची पिठी सर्वांत फसवी. कुळीथ पौष्टिकच आहे, परंतु पाच जणांच्या पिठीला ५० ग्रॅमच्या आसपासच पीठ लागते आणि माणशी वाट्याला येते १० ग्रॅम. पिठी जरूर करावी, मात्र तिला त्या दिवशीचे कडधान्य समजू नये.

दुरुस्ती अशी करता येईल. सोमवारी डाळ १५० ग्रॅम घ्यावी आणि बटाट्याच्या भाजीऐवजी २०० ग्रॅम काळ्या वाटाण्याची उसळ करावी. आता माणशी ३० आणि ४० मिळून ७० ग्रॅम झाले, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम प्रथिने. त्यावर वाटीभर दही आणि मुलांच्या खाऊला मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवले की तूट बहुतांशी भरून निघते. गुरुवारी पिठीच्या जोडीला वालाचे बिरडे किंवा मटकी याच मापाने घ्यावी, आणि शनिवारचे वरण घट्ट ठेवून दही द्यावे. सासूबाईंना उसळ चावत नसेल, तर त्यांच्या वाटीतली चमच्याने ठेचून रसासह द्यावी.

प्रश्न : रोज वेगळा पदार्थ करते, तरी घरची माणसे म्हणतात की सगळे एकसारखेच लागते. असे का होते? (गुहागर)

आठवड्याच्या कागदावर प्रत्येक पदार्थाखाली मुख्य जिन्नस आणि वाटण लिहून पाहावे. उसळ, कालवण, आमटी आणि कोंबडी या चारही पदार्थांत भाजलेला कांदा-खोबरे आणि मालवणी मसाला असेल, तर जिभेला तो एकच पदार्थ चार वेळा मिळतो. आठवड्यातून दोन दिवस भाजलेले वाटण, एक दिवस ओल्या खोबऱ्याचे हिरवे वाटण आणि निदान दोन दिवस केवळ फोडणी आणि आमसूल, अशी वाटणी केली की चव पालटते. ओल्या खोबऱ्यात एक तृतीयांशाहून अधिक भाग चरबीचा असतो, त्यामुळे तेल मोजून वापरणाऱ्या घरातही खोबरे न मोजल्यास हिशेब चुकतो, हेही यात सुधारते.

तुमच्या बेतात भात रोज आहे, त्यात मला काही वावगे वाटत नाही. मात्र पालेभाजी त्यात एकदाही नाही, ही खरी उणीव आहे. पावसात टाकळा, अळू आणि भारंगी, एरवी माठ आणि लाल भाजी, यांपैकी काहीतरी आठवड्यातून तीनदा तरी असावे. त्यावर लिंबू पिळावे आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, म्हणजे भाजीतले लोह शरीराला अधिक मिळते.

प्रश्न : महिन्याचा निम्मा खर्च मासळीवर होतो. मासळी कमी न करता खर्च कसा आवरायचा? (मालवण)

भाव किलोचा पाहू नये, तोंडात जाणाऱ्या भागाचा पाहावा. पुढचे दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत, तुमच्या बाजाराचे दर त्या जागी घालावेत. बांगडा २०० रुपये किलो असेल आणि डोके, आतडी, काटे वजा जाता निम्मा उरत असेल, तर खाण्याजोगे १०० ग्रॅम ४० रुपयांना पडतात. ९०० रुपयांच्या सुरमईचा तीन चतुर्थांश भाग उरला, तरी तेच १०० ग्रॅम १२० रुपयांना पडतात. दोन्हींतून प्रथिने सुमारे २० ग्रॅमच मिळतात. शिवाय बांगडा, तारली आणि पेडवे हे तेलकट मासे असल्याने त्यांतून हृदयाला उपयोगी स्निग्धांशही मिळतात. तिसऱ्यांच्या वजनात मोठा भाग शिंपल्यांचा असतो, हे लक्षात ठेवूनच त्या स्वस्त म्हणाव्यात.

माझा सल्ला असा की सुरमई किंवा पापलेट पंधरवड्यातून एकदा ठेवावे आणि एरवी लहान मासळी घ्यावी. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळासाठी बेत वेगळाच लिहावा आणि त्यात अंडी व कडधान्ये वाढवावीत. सुकट किंवा जवळा त्या काळात चांगला आधार देतो, परंतु खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार असते. ती गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकावे आणि कालवणात मीठ शेवटी, चाखूनच घालावे. रक्तदाब असलेल्या माणसाने सुकी मासळी क्वचितच खावी.

प्रश्न : बेत कागदावर छान दिसतो, पण मी साडेआठला कामाला निघते आणि बुधवारपर्यंत सगळे कोलमडते. (चिपळूण)

तुमच्या कागदावर बुधवारी वालाचे बिरडे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. बुधवारी सकाळी ते शिजायचे असेल तर वाल रविवारी रात्री भिजायला हवेत, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायला हवेत आणि मंगळवारी रात्री मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायला हवेत. पाव किलो वाल सोलायला एकट्या माणसाला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. तुम्ही बुधवारपुढे चाळीस मिनिटे लिहिली आहेत, ती फक्त शिजवण्याची आहेत. बेत मोडतो तो या न लिहिलेल्या कामापाशी.

म्हणून प्रत्येक दिवसापुढे ‘आदल्या रात्री’ असा एक रकाना आखावा आणि त्यात भिजवणे, उपसणे, सोलणे, खोवणे हे सारे, करणाऱ्याच्या नावासह, लिहावे. एका रात्री अर्ध्या तासापेक्षा जास्त काम साचले, तर पदार्थ दुसऱ्या दिवसावर हलवावा. बिरडे रविवारी न्यावे, कारण त्या दिवशी सोलायला घरातले आणखी हात असतात. बुधवारी मसूर ठेवावी, ती भिजवली नाही तरी कुकरमध्ये शिजते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, ओल्या खोबऱ्याचे मात्र दुसऱ्या दिवशीच संपवावे. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जात असेल, तर वाटण साठवूच नये. त्या दिवसांत मोडही जपून आणावेत. फडके उघडल्यावर मोड बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला, तर ते कडधान्य टाकून द्यावे आणि त्या दिवशी अंड्याचे कालवण करावे, त्यासाठी सहा-आठ अंडी घरात कायम असू द्यावीत.