मैत्रिणीची आईही गेल्यावर काय लिहावं

मैत्रिणीचे वडील आधीच गेलेले, आता आईही. तिला काय लिहावं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पहिल्या दिवशी दोन ओळी पुरे. तेव्हा तिचा फोन 'भावपूर्ण श्रद्धांजली'नं भरलेला असतो. सविस्तर पत्र तेराव्यानंतर पाठवा, पाहुणे पांगल्यावर.

वडील गेले तेव्हा तिचं सगळं लक्ष आईला सांभाळण्यात होतं. आता वडिलांसाठीचं राहून गेलेलं दुःखही वर येतं, म्हणून पत्रात दोघांचाही उल्लेख हवा. शिवाय आई-वडिलांचं घर आवरायचं, सोसायटीत नाव बदलायचं. माहेरच मिटत चाललेलं असतं. 'सुटल्या बिचाऱ्या' तर मुळीच लिहू नका. आजारपण लांबलं असेल तर औषधांच्या वेळांवर बेतलेला तिचा दिवसही रिकामा झालेला असतो.

मी साधारण असं लिहीन:

'दहावीच्या निकालाला काकूंनी आम्हा सगळ्यांना पियूष दिलं होतं आणि काका दारात उभं राहून प्रत्येकाचे टक्के विचारत होते. ते दोघं मला तसेच आठवतात. शनिवारी अकराला कपाटं आवरायला येऊ का? नको असेल तर नुसतं "नको" लिही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, मग मी येणार नाही.'

'काही लागलं तर सांग' लिहिलंत की काय लागतंय ते शोधायचं काम तिच्याच गळ्यात पडतं. आठवण मात्र खरी हवी. काका-काकूंना भेटलाच नसाल, तर ती त्यांच्याबद्दल जे सांगायची तेच लिहा.

पहिल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी पुन्हा एक मेसेज करा.