दहा तासांची ड्युटी आणि १८०० दिरहम

प्रश्न : माझ्या मुलाला दुबईतील एका सुपरमार्केटमध्ये विक्री सहायकाची जागा मिळते आहे. जाहिरातीत ‘दहा तास ड्युटी, आठवड्याला एक सुट्टी, ओव्हरटाइमसह १८०० दिरहम’ असे लिहिले आहे. हे तिथल्या कायद्यात बसते का? – एक पालक, चिपळूण

सप्रेम नमस्कार.

जाहिरातीतील मजकूर जसाच्या तसा धरला, तर ही जागा कायद्यात बसत नाही. संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरीला २०२१ चा संघीय कामगार कायदा क्रमांक ३३ लागू होतो. त्यानुसार दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८ तास ही सर्वसाधारण मर्यादा असून, सलग पाच तासांहून अधिक काम करायचे झाल्यास मध्ये किमान एक तास विश्रांती द्यावी लागते आणि ती कामाच्या तासांत मोजली जात नाही. दिवसाला दोन तासांपर्यंत जादा काम सांगता येते. म्हणून दहा तास वाचून अनेकांना सारे ठीक वाटते. मात्र त्याच कलमात पुढे अशीही अट आहे की, जादा काम धरून तीन आठवड्यांचे एकूण तास १४४ च्या पुढे जाता कामा नयेत. रोज दहा तास, आठवड्याला सहा दिवस या हिशेबाने तीन आठवड्यांत १८० तास भरतात. दहा तासांत विश्रांतीचा एक तास धरलेला असला, तरी बेरीज १६२ होते. म्हणजे जादा काम अधूनमधून चालते, रोजचा नेम म्हणून नाही.

आता पैशांकडे पाहू. जादा तासाचा दर मूळ वेतनाच्या दरापेक्षा किमान २५ टक्के अधिक असावा लागतो. रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत ही वाढ ५० टक्के होते, पण पाळ्यांत काम करणाऱ्यांना हा रात्रीचा दर लागू नाही. येथे मूळ वेतन हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण निवास, प्रवास आदी भत्ते त्यात येत नाहीत. समजा, १८०० पैकी मूळ वेतन १००० दिरहम आहे. त्याला ३० दिवसांनी आणि आठ तासांनी भागले की तासाला सुमारे ४.१७ दिरहम होतात आणि जादा तासाचे सुमारे ५.२१. महिन्याच्या २६ दिवसांत ५२ जादा तास झाले, तर त्यांचे सुमारे २७१ दिरहम होतात. मूळ वेतन १५०० असते, तर तेच ४०६ झाले असते. एजंट मूळ वेतनाचा आकडा सांगायला टाळाटाळ का करतात, हे यावरून लक्षात येईल.

साप्ताहिक सुट्टी किमान एक दिवस आणि पगारी असते. त्या दिवशी कामावर बोलावले, तर बदली सुट्टी किंवा त्या दिवसाचे वेतन अधिक मूळ वेतनाच्या किमान ५० टक्के द्यावे लागतात. मुलाला ‘सुपरवायझर’ असे पद देऊ केले, तर सावध राहावे: मालकाचे अधिकार वापरणाऱ्या पर्यवेक्षकांना कामाच्या तासांच्या तरतुदींतून सूट आहे, पण नुसत्या पदनामाने ती मिळत नाही.

होकार देण्यापूर्वी एजंटाकडून तेथील मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातील ऑफर लेटर मागवावे आणि त्यात मूळ वेतन, भत्ते, रोजचे तास व सुट्टीचा दिवस वेगवेगळे लिहिलेले आहेत का, ते पाहावे. जाहिरातीतील ‘ओव्हरटाइमसह’ हा शब्द तेथे कोणत्या रकमेसमोर येतो, ते लेखी विचारावे.