‘अरिंग मिरिंग’ इंग्रजीत नेताना बोट कुठे टेकायचं?

प्रश्न: ‘अरिंग मिरिंग लवंग चिरिंग, चिरता चिरता डुबडुब बाजा, गाई गोपी उतरला राजा’ हे मी भाच्यांसाठी इंग्रजीत केलं: ‘अरिंग मिरिंग द क्लोव्ह इज कट, व्हाइल कटिंग इट द ड्रम्स आर प्लेड, काउज अँड मिल्कमेड्स, द किंग हॅज डिसेंडेड.’ अर्थ बरोबर आहे, पण मुलं खेळायला बसली की दरवेळी भांडणं होतात. कुणी म्हणतं राजा माझ्यावर आला, कुणी म्हणतं शेजारच्यावर. चूक कुठे होतेय? आणि ‘चिरिंग’ला इंग्रजीत काय म्हणू?

उत्तर: भांडण मुलांचं नाही, दुसऱ्या ओळीचं आहे. ते कसं, हे कळायला आधी मराठी गाणं बोटांवर मोजून बघा.

गोल करून बसलेल्या भिडूंवर (किंवा जमिनीवर पालथ्या टेकवलेल्या पंजांच्या बोटांवर) सांगणारा एकेका शब्दाला एकेकदा बोट टेकतो. ओळी तीन, प्रत्येक ओळीत चार शब्द, म्हणजे बारा टेके. यात चुकायला जागाच नाही, कारण प्रत्येक शब्द बोलायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. अ-रिं-ग: एक, दोन, एक, अशा चार मात्रा. मिरिंग चार, लवंग चार, चिरिंग चार. चिर-ता चार, डुब-डुब चार, बा-जा चार. अख्ख्या गाण्यात फक्त ‘उतरला’ पाच मात्रांचा आहे. तो म्हणताना आपण नकळत घाई करतो आणि मग ‘राजा’वर बोट जरा दाबून ठेवतो. (काही घरांत ‘लवंगा तिरिंग’ म्हणतात. तिथे ‘लवंगा’ही पाच मात्रांचा होतो, पण टेके बाराच राहतात.) मराठीत शब्द सुरू झाला की बोट टेकायचं, एवढाच नियम आहे. अक्षरओळखसुद्धा नसलेल्या पोराला तो पाळता येतो.

इंग्रजीत हा नियम चालत नाही. तिथे ठेका शब्दावर पडत नाही, आघातावर पडतो. ‘द’, ‘इज’, ‘अँड’ असले शब्द दोन आघातांच्या मधे चेंगरून बसतात. आता तुमच्या ओळी मोजू. पहिलीत ‘द क्लोव्ह इज कट’मधले क्लोव्ह आणि कट हे दोन आघात आणि अरिंग-मिरिंगचे दोन, असे चार. तिसरीत काउज, मिल्क, किंग आणि ‘डिसेंडेड’मधला सेंड, हेही चार. मधल्या ओळीत मात्र ‘कट’, ‘ड्रम्स’, ‘प्लेड’ एवढे तीनच आघात नक्की पडतात. म्हणजे बेरीज अकरा. पण चार टेक्यांची सवय असलेलं मूल ‘इट’वर किंवा ‘व्हाइल’वर एक टेका जास्तीचा घालतं आणि बेरीज बारा होते. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

या एका टेक्याने काय होतं ते पाच भिडू घेऊन बघा. त्यांना एक ते पाच आकडे द्या, ज्याच्यावर राजा उतरला तो सुटला, आणि पुढची फेरी त्याच्या पुढच्यापासून धरा. बारा टेके असले तर आधी दुसरा सुटतो, मग पहिला, मग पाचवा, मग चौथा, आणि राज्य तिसऱ्यावर येतं. अकरा टेके असले तर पहिला, चौथा, दुसरा आणि तिसरा सुटतात, राज्य पाचव्यावर. एका टेक्यापायी राज्य तिसऱ्याचं पाचव्याकडे गेलं! याला रडीचा डाव म्हणून मुलांना दटावण्यात काय अर्थ आहे?

म्हणून भाषांतरात पहिली अट बारा आघातांची. ओळीत चार, तेही असे की मुलाला शोधावे लागू नयेत. दुसरी अट, ओळ आघातानेच सुरू व्हावी. ‘द’ने सुरू झाली की सांगणाऱ्याचं बोट हवेत लटकतं. या दोन अटी पाळल्यावर उरलेल्या जागेत अर्थ जितका बसेल तितका बसवायचा. माझा क्रम हा असा आहे आणि भिडू सोडवण्याच्या गाण्यापुरता मी तो सोडणार नाही. कवितेचं भाषांतर असतं तर वेगळं बोललो असतो.

आता ‘अरिंग मिरिंग’. हे शब्द निरर्थक आहेत, तेव्हा जसेच्या तसे ठेवावेत असं तुम्हाला वाटलं असणार. मलाही आधी तसंच वाटलं होतं. अडचण अशी की इंग्रजी वाचणारं मूल ते ‘अ रिंग’ असं फोडतं, म्हणजे ‘एक अंगठी’. आघात ‘रिंग’वर जातो आणि बोट अर्धा शब्द उशिरा पडतं. शिवाय ‘इंग’ हा इंग्रजीत क्रियापदाचा शेपूट, त्यामुळे मूल विचारतं की कोण काय करतंय. निरर्थक शब्दसुद्धा त्या त्या भाषेत निरर्थक वाटावा लागतो. इंग्रजी कानाला मधे ‘नक’ आणि शेवटी ‘ल’ असलेले शब्द खेळकर वाटतात, म्हणून मी ‘इंकल मिंकल’ घेतलं. (‘इंकल’ नावाची एक अरुंद लिननची फीत जुन्या इंग्रजीत आहे खरी, पण ती कुठल्या मुलाला ठाऊक असणार?)

लवंगेचं दुःख मोठं आहे. ‘क्लोव्ह’ एकअक्षरी, त्याच्यापुढे काही जोडल्याशिवाय ठेका भरत नाही. ‘लवंग’ तसाच ठेवला तर इंग्रजी तोंड आघात दुसऱ्या अक्षरावर टाकतं आणि पुन्हा बोट उशिरा. म्हणून मसाल्याच्या डब्यातलाच, पण पहिल्या अक्षरावर आघात असलेला शब्द शोधला: ‘जिंजर’. लवंगेचं आलं झालं, याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. त्या गाण्यात लवंगेला वास नाही, चव नाही, ती तिथे चार मात्रांसाठी आहे.

‘चिरिंग’चं उत्तर मात्र अर्थात नाही, पुढच्या शब्दात आहे. ‘चिरिंग’ला स्वतःला अर्थ नाही, पण त्याच्या पुढ्यात ‘चिरता चिरता’ येतं आणि मागाहून वाटतं की लवंगच चिरत होते. पहिल्या ओळीचं शेपूट पकडून दुसरी ओळ सुरू होते, म्हणून मूल गाणं विसरत नाही. ही कडी तुटली तर पाठ होणं अवघड जातं. तेव्हा ‘चिरणे’ गेलं तरी चालेल, कडी राहिली पाहिजे. इंग्रजीत ‘जिंजर स्प्रिंकल’, आणि लगेच ‘स्प्रिंकल, स्प्रिंकल’. चिरण्याचं भुरभुरणं झालं, पण शेपूट हातात आलं.

सगळं मिळून असं:

इंकल, मिंकल, जिंजर, स्प्रिंकल,
स्प्रिंकल, स्प्रिंकल, डब-डब, डिंग,
काउज अँड गोपीज, डाउन कम्स द किंग!

‘डब-डब’ला एकच टेका, जसा ‘डुबडुब’ला एकच. ‘बाजा–राजा’चं यमक ‘डिंग–किंग’मध्ये आलं. हे दोन्ही शब्द एकअक्षरी असल्याने त्यांच्यानंतर क्षणभर गप्पपणा येतो. ‘किंग’नंतरचा तो क्षण खेळाला उपयोगी आहे, कारण तेवढ्यात मूल बोट मिटतं किंवा हात मागे घेतं.

गोपींचं भाषांतर मी मुद्दाम टाळलं. ‘मिल्कमेड्स’ ठेक्यात बसतं, त्यात चूक नाही, आणि ज्या मुलांनी गोपी हा शब्द ऐकलाच नाही त्यांच्यासाठी तेच ठेवा. पण ‘गोपीज’वर आघात आपोआप पहिल्या अक्षरावर पडतो, मग बदलायचं कशाला? लवंग गेली आणि गोपी राहिली हा पक्षपात वाटेल, पण निकाल दोन्हीकडे आघातानेच दिला. मात्र ‘काऊगर्ल्स’ कुणी सुचवलं तर ऐकू नका. हॅट घातलेल्या, दोर फिरवणाऱ्या बायका राजाच्या मागून येतील.

शेवटची ओळ मला स्वतःला आवडते. ‘डिसेंडेड’ने राजा सिंहासनावरून सरकारी थाटात उतरतो. ‘डाउन’ने राजाही उतरतो आणि पंजांच्या खेळात बोटही खाली जातं, म्हणजे ‘उतरला’ची दोन्ही कामं होतात. आणि ‘डाउन कम्स द’ हे तीन शब्द एका टेक्यात घाईने म्हणावे लागतात. मराठीतही याच जागी ‘उतरला’ला घाई होते. जुळवायला गेलो नव्हतो, बसलं.

मुलांना शिकवताना ओळी वाचून दाखवू नका. आधी शब्द न म्हणता मांडीवर चार-चार टाळ्या द्या, मग त्यावर शब्द घाला. वाचायला दिलं तर मराठी खेळलेली मुलं शब्दागणिक बोट टेकतात. तिसऱ्या ओळीत शब्द सात आहेत, म्हणजे तीन टेके जास्त. ठेका बसलाय का हे बघायचं तर पाच नाणी ओळीने मांडा आणि दोन मुलांना वेगवेगळं मोजायला सांगा. दोघांचीही तिसरंच नाणं उरवून मोजणी संपली पाहिजे. कुणाचं दुसरं उरलं तर त्याचं बोट ‘अँड’ किंवा ‘द’वर पडतंय का, ते आधी बघा.

एक गोष्ट मात्र इंग्रजीत नेता आली नाही. आपल्याकडे राजा झाला तो सुटतो आणि जो कधीच राजा झाला नाही त्याच्यावर राज्य येतं. इंग्रजीत राज्य घेणाऱ्याला नुसतं ‘इट’ म्हणतात, त्यात ना राजा ना राज्य. मी गाण्यात काही घुसडलं नाही. खेळ सुरू करताना ‘लास्ट वन लेफ्ट इज इट’ एवढं तोंडी सांगा. भाच्यांना मराठी समजत असेल तर त्या एका शब्दापुरतं मराठीच ठेवा आणि ‘तुझ्यावर राज्य!’ म्हणा.