उलट भाषांतर ताडायचे ते फोटोशी

प्रश्न : कारखान्यातल्या जुन्या मराठी सूचना-फलकाचा फोटो काढून संगणकाकडून तो वाचून घेतला, इंग्रजी भाषांतर केले आणि खात्रीसाठी ते पुन्हा मराठीत आणून पाहिले. सगळे जुळले. तरी परदेशी ग्राहकाचा तपासनीस म्हणतो की इंग्रजी मजकुराला अर्थ लागत नाही. असे कसे होते?
— एक टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आपण उलट भाषांतर संगणकाने वाचलेल्या मजकुराशी ताडले आणि तो मजकूरच चुकीचा वाचला गेला होता. चुकीचे वाक्य इंग्रजीत प्रामाणिकपणे गेले आणि तितक्याच प्रामाणिकपणे परत आले. फोटोतल्या मजकुराच्या बाबतीत हा धोका नेहमीच असतो, कारण इथे भाषांतराच्या आधी वाचनाची आणखी एक पायरी असते आणि उलट भाषांतर त्या पायरीपर्यंत मागे पोहोचतच नाही.

आपण पाठवलेल्या फोटोतील एक ओळ घेऊ. फलकावर लिहिले आहे : ‘मागावरील कामगारांनी धोटा बदलताना माग बंद करावा.’ संगणकाने वाचले : ‘भागावरील कामगारांनी घोटा बदलताना भाग बंद करावा.’ इंग्रजीत ‘भाग’साठी ‘सेक्शन’ आणि ‘घोटा’साठी ‘अँकल’ आले. उलट मराठीत ‘विभागातील कामगारांनी घोटा बदलताना विभाग बंद करावा’ असे वाक्य मिळाले. वाचलेल्या मजकुराशेजारी ते ठेवले तर ‘भाग’ आणि ‘विभाग’ यांत फारसे अंतर वाटत नाही, ‘घोटा’ तर अक्षरशः तोच आहे, त्यामुळे आपण ‘जुळले’ असा शेरा मारलात. तेच वाक्य फोटोशेजारी धरले असते, तर माग आणि धोटा हे दोन्ही शब्द गायब असल्याचे मागावर काम केलेल्या कोणाच्याही लगेच लक्षात आले असते.

या ओळीत चुका दोन असल्या तरी त्यांची जात वेगळी आहे. ‘घोटा बदलणे’ हे हास्यास्पद आहे, म्हणून तपासनीस तिथे अडला. ‘सेक्शन बंद करावा’ हे मात्र कारखान्याच्या सूचनेत सहज शोभते. फलकावर धोट्याचा उल्लेख नसता, तर एका मागाऐवजी आख्खा विभाग बंद करण्याची सूचना निर्धोकपणे भिंतीवर लागली असती. अर्थ लागतो म्हणून वाचन बरोबर आहे असे धरून चालता येत नाही, ते एवढ्यासाठीच.

तपासणी अशी करावी. फोटो, वाचलेला मजकूर आणि उलट भाषांतर ही तिन्ही ओळीखाली ओळ लावून समोर ठेवावीत आणि जिथे शब्द खटकतो तिथे तिघांपैकी कोण कोणाशी जुळते ते पाहावे. उलट भाषांतर वाचलेल्या मजकुराशी जुळते, पण फोटोशी जुळत नाही, तर चूक वाचनाची आहे. इंग्रजी वाक्याची डागडुजी करत बसू नये, मूळ शब्द सुधारून ते वाक्य पुन्हा भाषांतरित करावे. वाचलेला मजकूर फोटोशी जुळतो, पण उलट भाषांतर वेगळे आले, तर चूक भाषांतराची आहे. ती जाताना झाली की परत येताना, हे इंग्रजी वाक्य पाहून ठरवता येते. आपल्याकडे ‘धोटा’ बरोबर वाचला जाऊनही इंग्रजीत ‘शटल’ आले नसते, तर ती चूक या दुसऱ्या प्रकारची ठरली असती.

आता ‘म’चा ‘भ’ आणि ‘ध’चा ‘घ’ का झाला, तेही पाहू. देवनागरीत भ, ध आणि थ या अक्षरांच्या डोक्यावरची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. त्यांची जुळी भावंडे असलेल्या म, घ आणि य यांची शिरोरेषा सलग असते. झेरॉक्सची झेरॉक्स काढली, किंवा फोन ‘काळे-पांढरे’ स्कॅन करत असला, की ती बारीकशी फट शाईने भरून निघते आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. उलट फलकावरचा रंग नेमका शिरोरेषेवर उडाला असेल, तर ‘म’चा ‘भ’ होतो. आपल्या फलकावर पहिल्या शब्दाच्या डोक्यावरचा पोपडा फोटोत स्पष्ट दिसतो आहे. म्हणून फोटोशी ताडताना अख्खे अक्षर डोळ्यांत तेल घालून पाहण्याची गरज नाही. या तीन जोड्या आल्या की फोटो मोठा करून शिरोरेषेचा डावा कोपरा तेवढा पाहावा. कागद असल्यास तो काळ्या-पांढऱ्यात न घेता करड्या छटांत, ३०० डीपीआयवर स्कॅन करावा. फलक असल्यास फोटो समोरून, चकाकी टाळून घ्यावा.

प्रश्न : ज्या ॲपने भाषांतर केले त्याच ॲपने उलट भाषांतर केले तर चालते का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : ढोबळ घोळ शोधण्यापुरते चालते, खात्रीसाठी नाही. एकाच यंत्राने ‘अमुक शब्दाला तमुक’ अशी चुकीची जोडी लावली असेल, तर ते परत येताना तीच जोडी उलटी लावते आणि चूक झाकली जाते. शिवाय अलीकडची भाषांतरयंत्रे संदर्भावरून मोडके वाक्य सावरूनही घेतात, म्हणजे वाचन चुकले असूनही परत आलेले वाक्य सुरळीत दिसते. उलट भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून, तेही मूळ मजकूर न दाखवता करून घ्यावे, आणि तिला वाक्य शक्य तितके शब्दशः उतरवायला सांगावे. छान मराठी लिहिण्याचा मोह इथे आवरायला हवा, कारण खडबडीत वाक्यातच चूक वर येते.

प्रश्न : आजोळची जमीन इंडी तालुक्यात आहे. कन्नड पहाणीचा फोटो ॲपने मराठीत दिला, त्यात ‘भावांचे दूध’ असे आले आहे. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. हा कागद मी तपासायचा कसा?
— एक वाचक, दक्षिण सोलापूर

उत्तर : दूध म्हणजे कन्नडमध्ये ‘हालु’ आणि वाटा किंवा हिस्सा म्हणजे ‘पालु’. कन्नड लिपीतले ‘प’ आणि ‘ह’ यांचा सांगाडा बराच सारखा आहे, पुसट छपाईत तर ते सहज एकमेकांच्या जागी वाचले जातात. जमिनीच्या कागदात भावांच्या नावांशेजारी ‘पालु’ असणे स्वाभाविक आहे, म्हणून माझा कयास ‘हिस्सा’ असाच आहे. मात्र कयासावर दस्त करायचा नसतो, फोटो वाचवून घ्यायचा असतो.

आपल्या शहरात घरी कन्नड बोलणारे आणि शाळेत मराठी शिकलेले लोक खूप आहेत, आणि अशा वेळी त्यांची मदत उपयोगाची वाटते, पण ती पुरत नाही. लिपी वाचता येणारी व्यक्ती गाठा. तिला ॲपचे भाषांतर मुळीच दाखवू नका, नाहीतर तिलाही ‘दूध’च दिसू लागेल. अर्थ न सांगता फोटोतला मजकूर अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही तो ऐकून देवनागरीत लिहून घ्या. बोली तुम्हाला येतेच, त्यामुळे ‘पालु’ की ‘हालु’ हे तुमच्या कानाला तत्काळ कळेल. मग ॲपच्या मराठी वाक्याचे कन्नड तुम्ही स्वतः तोंडी करा आणि लिहून घेतलेल्या वाक्याशी ताडा. हेच तुमचे उलट भाषांतर. त्याआधी ॲपमध्ये भाषा ‘कन्नड’ अशी हाताने निवडलेली आहे ना, ते बघा. कन्नड आणि तेलुगू लिप्या जवळच्या असल्याने, मजकूर तुटक असेल तर आपोआप ओळखण्यात गल्लत होऊ शकते.

आकड्यांसाठी मात्र उलट भाषांतराचा काडीचा उपयोग नाही. आकडा भाषांतरातून जसाच्या तसा जातो आणि तसाच परत येतो. तिथे हिशेब करावा. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो, त्यामुळे एकरानंतरच्या गुंठ्यांच्या जागी ४८ असा आकडा आला तर तो वाचण्यातच चुकला आहे. बेरीज तर याहून बोलकी असते. समजा, दोन हिस्से २ एकर १३ गुंठे आणि १ एकर २६ गुंठे असे वाचले गेले आणि खाली एकूण ४ एकर ४ गुंठे आहे. बेरीज येते ३ एकर ३९ गुंठे, म्हणजे ५ गुंठे कमी. पुसट छपाईत इंग्रजी 8 चा 3 होतो आणि त्या दोहोंत फरक नेमका पाचाचा आहे. तेव्हा १३ हा आकडा आधी फोटोत मोठा करून पाहावा, तो १८ निघण्याची शक्यता मोठी. जुन्या कागदावर देवनागरी आकडे असतील आणि वाचणारे यंत्र इंग्रजीवर लावलेले असेल, तर ४ चा 8 आणि ५ चा 4 होण्याचीही तयारी ठेवावी.

प्रश्न : कोणता शब्द शंकास्पद वाचला गेला, हे संगणक स्वतः सांगू शकत नाही का?
— एक डीटीपी व्यावसायिक, सोलापूर

उत्तर : सांगतो, पण त्याच्या शब्दावर किती विसंबायचे ते आपण ठरवायचे. टेसरॅक्ट हा मोफत कार्यक्रम आणि त्याची मराठीची फाईल आपल्याकडे असेल, तर पुढील आज्ञा द्यावी :

```
tesseract phalak.png phalak -l mar --psm 6 tsv
```

यातून `phalak.tsv` ही फाईल तयार होते. तिच्या शेवटच्या `text` या स्तंभात शब्द आणि त्याआधीच्या `conf` स्तंभात ० ते १०० मधली खात्री असते. ज्या ओळीत शब्द नसतो तिथे -1 दिसतो. कमी खात्रीचे शब्द आधी फोटोशी ताडावेत. मात्र जास्त खात्री म्हणजे बरोबर वाचन, असे समजू नये. ‘भाग’ आणि ‘माग’ हे दोन्ही मराठीतले धडधाकट शब्द आहेत आणि छापील मजकुरात ‘भाग’ कितीतरी जास्त वेळा येतो. त्यामुळे यंत्र ‘भाग’ असा चुकीचा शब्दही बेधडक उंच आकड्यासह देऊ शकते. अशा शब्दांसाठी आपल्या धंद्यातल्या शब्दांची छोटी यादी जवळ ठेवावी (माग, धोटा, बाणा, ताणा) आणि फोटोत ते दिसत असूनही वाचलेल्या मजकुरात एकदाही आले नाहीत, तर तिथे थांबावे. मराठी कागदाला हिंदीची `hin` फाईल लावण्याची सवयही सोडावी. विशेषतः ‘ळ’ असलेले शब्द तिथे बिघडतात, आणि ‘वेळ’चा ‘वेल’ झाला तरी तो शब्द म्हणून खपून जातो.

प्रश्न : नावे आणि गावे यांचे उलट भाषांतर कसे तपासायचे?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : त्यांचे भाषांतर होत नाही, फक्त लिपी बदलते, म्हणून ‘धोत्रे’चे ‘घोत्रे’ झाले तरी ते फेरी पूर्ण करून ‘घोत्रे’ म्हणूनच परत येते आणि कोणाला काही वावगे वाटत नाही. गावे आणि तालुके छापील यादीशी ताडावेत; आपल्या जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि त्यांत ‘भोहोळ’ किंवा ‘भाढा’ नाही. आडनावाला अशी यादी नसते, तेव्हा त्याच कागदावर ते दुसऱ्या ठिकाणी, सहीखाली किंवा पत्त्यात, आले आहे का ते शोधावे. शिक्क्याखाली दबलेले अक्षर दुसऱ्या जागी बहुधा स्वच्छ असते. एकाच ठिकाणी आले असेल आणि तिथेही पुसट असेल, तर भाषांतरात ते अक्षर अंदाजाने न लिहिता ‘वाचता येत नाही’ अशी नोंद करावी आणि ज्याचे नाव आहे त्याच्याकडून लिहून घ्यावे.